एन-टू म्हणजे नायट्रोजन का?

“तुमच्या नावाखाली एन-टू लिहिलंय. ते नायट्रोजनचं काही आहे का?”

अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळावर मला आलेला हा पहिला मेसेज. विचारणारा अमेरिकेतल्या एका पंपाच्या कारखान्यात खरेदी विभागात होता आणि चेष्टा करत नव्हता. त्याच्याकडे नायट्रोजनच्या टाक्यांशी संबंधित एक जपानी मॅन्युअल होतं. माझ्या प्रोफाइलवर जपानीही होतं आणि N2सुद्धा, तेव्हा त्याला वाटलं, बाईला दोन्हीतलं कळतं. मी त्याला परीक्षेबद्दल दहा ओळी लिहून पाठवल्या. त्यावर काही उत्तर आलं नाही.

ही २०१९च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्याआधी चार वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये होते. आमचे सुटे भाग एका जपानी गिऱ्हाईकाकडे जायचे, त्यामुळे रोज जपानीतले तक्रारीचे कागद हातात पडायचे. मेकॅनिकलची डिग्री होतीच, संध्याकाळच्या क्लासला जाऊन जपानी शिकले आणि २०१८च्या डिसेंबरात पुणे सेंटरवरून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास झाले. पुढे मुलगी झाली, चाकणची जा-ये जमेना, नोकरी सोडली. घरी बसून भाषांतर करायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे जगाला दाखवायला एकच वस्तू होती, ते सर्टिफिकेट. तीन वर्षं रात्री जागून मिळवलेलं. साहजिकच मी ते सगळ्यात वर टांगलं.

प्रोफाइलचं शीर्षक होतं `JLPT N2 Certified Japanese Translator`. खाली ओळखीचा परिच्छेद, तोही “मी अमुक साली ही परीक्षा उत्तीर्ण झाले” अशा सुरुवातीचा. सर्टिफिकेट स्कॅन करून कामाच्या नमुन्यांच्या जागी लावलं, कारण दुसरा नमुना नव्हताच. कंपनीतले कागद गोपनीय, ते कुठे लावणार?

पहिल्या तीन महिन्यांत मी एकतीस अर्ज टाकले. तेव्हा तिथे एका अर्जाला सहापर्यंत ‘कनेक्ट’ लागायचे आणि एका कनेक्टला १५ सेंट, म्हणजे एक अर्ज जास्तीत जास्त ९० सेंटचा. रक्कम फार नाही, पण कमाई शून्य असताना ती डोळ्यांत खुपते. मी वहीत तारीख, काम, अर्जातली पहिली ओळ आणि निकाल असं लिहून ठेवायचे. ‘निकाल’च्या रकान्यात एकोणतीस रेघा आणि दोन उत्तरं. एक नायट्रोजनवाल्याचं. दुसरं एका बाईंचं, आणि त्यातून मी जास्त शिकले.

त्या बाई अमेरिकेत राहणाऱ्या, आई जपानी. कोसेकीचं, म्हणजे जपानमधल्या कुटुंबनोंदणीच्या उताऱ्याचं, इंग्रजी भाषांतर इमिग्रेशनच्या अर्जाला जोडायचं होतं. त्यांनी लिहिलं, “तुम्ही सर्टिफाइड आहात हे पाहून तुमच्याकडे आले.” मी हुरळले. मग विचार आला की यांना हवं असलेलं ‘सर्टिफाइड’ आणि माझ्याकडचं ‘सर्टिफाइड’ एकच आहे का? दोन दिवस शोधाशोध केली. एकच नव्हतं. अमेरिकेच्या इमिग्रेशनला जोडलेल्या परभाषेतल्या कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतरकारानं सही करून लिहून द्यावं लागतं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि या भाषेतून भाषांतर करायची माझी पात्रता आहे. तिथे सर्टिफाइड असतं ते भाषांतर, माणूस नव्हे. शिवाय अमेरिकेत ‘सर्टिफाइड ट्रान्सलेटर’ म्हटलं की लोकांच्या मनात येते ती अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशनची, म्हणजे एटीएची, परीक्षा. त्या परीक्षेत खरोखर उतारे भाषांतरित करायचे असतात आणि माणसं ते तपासतात.

आणि माझी परीक्षा? जेएलपीटी सगळी पर्यायी उत्तरांची. शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं असे तीन भाग, प्रत्येकी ६० गुण, एकूण १८०. एन-टूला ९० मिळाले आणि प्रत्येक भागात किमान १९ असले की पास. मला १०४ होते. त्यात एक वाक्य लिहायचं नाही, एक वाक्य बोलायचं नाही आणि इंग्रजीचा तर संबंधच नाही. मी मात्र विकत होते इंग्रजी लेखन. म्हणजे शीर्षकातला ‘सर्टिफाइड’ खोटा नव्हता, पण ‘ट्रान्सलेटर’ला चिकटल्यावर नसलेलं काहीतरी सांगत होता. मी त्या बाईंना जसं आहे तसं कळवलं: सहीचं पत्र मी देऊ शकते, पण मी कुठल्याही भाषांतरकार-संस्थेची परीक्षा दिलेली नाही आणि कायदेशीर कागद कधी केलेले नाहीत. त्या दुसरीकडे गेल्या, आणि ते बरंच झालं. त्याच रात्री शीर्षकातला तो शब्द काढला.

माझ्या सेन्सेई, म्हणजे जपानीच्या शिक्षिका, पुण्यातल्याच, सदाशिव पेठेतल्या. चहाला गेले तेव्हा फोनवर प्रोफाइल दाखवलं. त्यांनी आधी सर्टिफिकेटचा फोटो मोठा करून पाहिला.

“अगं, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, सगळं उघड्यावर टाकलंयस. कोणी उचलून स्वतःच्या नावानं चिकटवलं तर?”

“झाकते, सेन्सेई. पण लोक उत्तरच देत नाहीत, त्याचं काय?”

“कोण लोक?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “हे बघ, ज्या अमेरिकन माणसाला जपानी येत नाही, त्याला एन-टू म्हणजे काय ते माहीत नाही. त्याच्यासाठी ती दोन अक्षरं. आणि ज्या जपानी माणसाला माहीत आहे, त्याला ते वाचून काय कळतं? एन-वन नाही, एवढंच.”

घरी येताना बसमध्ये ते वाक्य डोक्यात घोळत होतं. पाच पातळ्यांपैकी एन-वन सर्वांत वरची. एन-टू हा सन्मान आहे असं मी धरून चालले होते आणि क्लासमध्ये तो होताही. पण बाजारात तो शीर्षकात ठेवला की एका गिऱ्हाईकाला निरर्थक आणि दुसऱ्याला उणीव सांगणारा. जो काहीच जाणत नाही आणि जो सगळं जाणतो, दोघांकडेही तो मला मदत करत नव्हता. वहीतल्या एकोणतीस रेघांचा अर्थ मला तेव्हा लागला. निदान असं मला वाटलं. एकतीस अर्जांवरून कोणी सिद्धांत मांडू नये.

मग मी दाखवण्याजोगं दुसरं काय आहे ते शोधायला बसले. आता वाचताना सोपं वाटेल, पण मला ते सापडायला दोन आठवडे लागले, कारण जे रोज करतो ते कौशल्य आहे असं आपल्याला वाटतच नाही.

जपानी कंपनीच्या तक्रार-अहवालात कारणांचे दोन रकाने असतात. एक ‘हास्सेइ गेन्इन’, म्हणजे दोष निर्माण का झाला. दुसरा ‘र्यूशुत्सु गेन्इन’. शब्दकोशात पाहिलं तर ‘र्यूशुत्सु’ म्हणजे बाहेर वाहून जाणं, म्हणून बहुतेक भाषांतरांत तिथे ‘आउटफ्लो कॉज’ असं असतं. अमेरिकन इंजिनिअर ते वाचतो आणि तेलाची गळती शोधायला लागतो. त्या रकान्याचा खरा प्रश्न असा: दोष झाला तो झाला, पण तुमच्या तपासणीत तो पकडला का गेला नाही, गिऱ्हाईकापर्यंत कसा निसटला? एट-डी नावाच्या अहवालपद्धतीत यालाच इंग्रजीत ‘एस्केप पॉइंट’ म्हणतात, चौथ्या पायरीत मूळ कारणाच्या शेजारी. हे मला कुठल्या परीक्षेनं शिकवलं नव्हतं. चाकणला लाइन थांबलेली असताना साहेबांच्या शिव्या खात मी ते शिकले होते.

नमुना मी स्वतःच रचला. कंपनीचा कागद वापरायचा नाही म्हणून एका काल्पनिक बुशिंगची तक्रार जपानीत लिहिली. भोकाचा व्यास मापाबाहेर, कारण घासलेलं टूल वेळेत बदललं नाही. निसटलं का, तर तपासणीचा गेज फक्त पाळीच्या सुरुवातीला लावायचे. सेन्सेईंनी जपानी तपासून दिलं. डावीकडे जपानी, उजवीकडे माझं इंग्रजी आणि खाली तीन टिपा: हा शब्द शब्दकोशात असा आहे, मी असा का घेतला. एकच पान. वर ठळकपणे लिहिलं की हा अहवाल काल्पनिक आहे. सर्टिफिकेटचा स्कॅन नमुन्यांतून काढून हे पान तिथे लावलं.

शीर्षकातून परीक्षा पूर्ण काढली आणि मोटारउद्योगातली क्वालिटी, एट-डी, एफएमईए हे शब्द घातले. शोधनिकालात ओळखीच्या परिच्छेदाच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, हे एव्हाना लक्षात आलं होतं. म्हणून पहिल्याच वाक्यात लिहिलं की जपानी पुरवठादाराचा तक्रार-अहवाल तुमच्या प्लँटमधल्या इंजिनिअरला पुन्हा फोन न करता कळेल असा मी इंग्रजीत देते. चार वर्षांची क्वालिटीतली नोकरी दुसऱ्या वाक्यात. एन-टू खाली सर्टिफिकेटच्या विभागात, आणि ती काय मोजते तेही एका वाक्यात: जपानी वाचून-ऐकून समजण्याची, जपान फाउंडेशन चालवते ती परीक्षा, पाचातली वरून दुसरी पातळी.

ऑक्टोबरात एका अमेरिकन प्लँटच्या क्वालिटी मॅनेजरची जाहिरात दिसली. तीन अहवाल, प्रत्येक साधारण १,४०० जपानी अक्षरांचा. ‘जेएलपीटी एन-वन असल्यास उत्तम’ असं त्यात लिहिलं होतं. एरवी ते वाचून मी पुढे गेले असते. पण त्यानं जोडलेल्या आधीच्या भाषांतराच्या पानात ‘आउटफ्लो कॉज’ दिसला आणि मी खुर्चीत सरळ बसले.

अर्ज मी पाच वाक्यांचा लिहिला. पहिलं वाक्य: तुम्ही जोडलेल्या पानावर ज्याला आउटफ्लो कॉज म्हटलंय, तो तुमचा एस्केप पॉइंट आहे, पुरवठादारानं तिथे दिलेलं उत्तर गेजबद्दलचं आहे, गळतीबद्दलचं नाही. दुसरं: हे मी चार वर्षं दुसऱ्या बाजूला बसून भरत होते. तिसऱ्यात नमुन्याचा निर्देश. चौथं: माझ्याकडे एन-वन नाही, एन-टू आहे, पहिला अहवाल पाहून पटला नाही तर पुढचे दोन देऊ नका. पाचव्यात दर आणि दिवस.

चौथं वाक्य घालावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. लपवलं असतं तर त्यानं विचारलंच असतं, आणि तेव्हा मी बचावात्मक पवित्र्यात असते. आधीच सांगितल्यावर ती उणीव त्याच्या हिशेबात धरली गेली आणि विषय संपला. उत्तर दोन तासांत आलं. परीक्षेबद्दल त्यात अक्षर नव्हतं. “तो गेजचा मुद्दा आम्ही महिनाभर शोधतोय,” एवढंच.

अक्षराला चार सेंट प्रमाणे तीन अहवालांचे १६८ डॉलर झाले. एकाच गिऱ्हाईकाकडच्या पहिल्या ५०० डॉलरवर तेव्हा संकेतस्थळ २० टक्के कापायचं, म्हणून हातात आले १३४ डॉलर ४० सेंट. पण खरी कमाई होती खालची चार ओळींची प्रतिक्रिया, ज्यात त्यानं ‘एस्केप पॉइंट’ हा शब्द वापरला होता. पुढची तीन गिऱ्हाइकं तोच शब्द शोधत आली, हे त्यांनीच सांगितलं. सहा-सात प्रतिक्रिया जमल्यावर मला सर्टिफिकेटबद्दल कोणी विचारल्याचं आठवत नाही.

मग परीक्षेचा उपयोगच नाही का? तसंही नाही. फक्त तो मला वाटलं होतं तिथे नव्हता.

२०२०मध्ये मला एजन्सींचं काम हवंसं वाटू लागलं, कारण मार्केटप्लेसवर काम येतं तसं जातं. प्रोझ या भाषांतरकारांच्या संकेतस्थळावर प्रोफाइल उघडलं आणि एका एजन्सीचा नोंदणी-फॉर्म भरायला घेतला. तिथे एक रकाना होता: जेएलपीटी पातळी. मी एन-टू निवडलं आणि पुढच्या पानावर आभारप्रदर्शन. माझा नमुना, प्रतिक्रिया, चार वर्षं, काहीही कोणी पाहिलं नाही. आधी राग आला. नंतर दुसऱ्या एजन्सीतल्या एका समन्वयक मुलीनं समजावून सांगितलं. आयएसओ १७१०० हे भाषांतरसेवेचं मानक पाळणाऱ्या एजन्सीला प्रत्येक भाषांतरकाराच्या पात्रतेचा पुरावा फाइलला ठेवावा लागतो. भाषांतराची पदवी, किंवा दुसरी कुठलीही पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ भाषांतराचा अनुभव, किंवा पदवीशिवाय पाच वर्षांचा तसा अनुभव. या यादीत जेएलपीटी नाहीच. एन-वनची अट एजन्सी आपली वेगळी लावतात, अर्जांचा ढीग कमी करायला.

तेव्हा मला लागणारा कागद भलताच निघाला. मी जुन्या कंपनीच्या एचआरला फोन केला आणि विनंती केली की माझ्या अनुभवपत्रात जपानी कागदांच्या भाषांतराचा उल्लेख करा. ते खरंच होतं. रोजचा निम्मा वेळ त्यातच जायचा. पत्र आलं, लेटरहेडवर, दोन ओळींचं. एजन्सीनं चार वर्षांची दोन धरली. ती दोन ओळींची चिठ्ठी मला एन-टूपेक्षा जास्त कामाची ठरली, आणि तिच्यासाठी मी एक रात्रही जागले नव्हते.

तरी चाळणी ती चाळणीच. एन-वन द्यायचं ठरवलं. २०२०च्या जुलैची परीक्षा कोविडमुळे सगळीकडेच रद्द झाली, मग घरातलं एकेक निघत गेलं, आणि अखेर २०२२च्या जुलैत दिली. पासाला १०० लागतात, मला ११३. निकाल आल्यावर प्रोझवर पुरावा पाठवला. तिथे सर्टिफिकेटपुढे ‘व्हेरिफाइड’ असं लागतं, आणि एजन्सीवाले त्या शब्दाकडेच पाहतात. तुम्ही स्वतः लिहिलेल्या दाव्याला तिथे वजन नाही. वर्षभरात दोन एजन्सींचे दरवाजे उघडले, त्यांतली एक तीच, आभारप्रदर्शनवाली. जपानी गिऱ्हाइकंही पहिल्यांदाच स्वतःहून आली. अमेरिकन गिऱ्हाइकांत काडीचा फरक पडला नाही आणि दर वाढला तो एन-वनमुळे नाही. तो आधीच प्रतिक्रियांच्या जोरावर सहा सेंटांवर गेला होता.

आता शीर्षक असं आहे:

`Japanese>English Translator | Automotive Quality, 8D, FMEA, JLPT N1`

अपवर्कवर शीर्षकाला सत्तर अक्षरांची मर्यादा आहे, त्यात हे बसतं. परीक्षा परत आली, पण शेवटी. वाचणाऱ्याला ती कळली तर कळली, नाही तर आधीच्या शब्दांवर त्याचं काम भागतं. वर्ष लिहीत नाही, कारण या सर्टिफिकेटला मुदत नसली तरी जुनं वर्ष पाहून लोक विचारतात की अजून येतं का. गुण लिहीत नाही. १८०पैकी ११३ हे परीक्षा न दिलेल्याला काठावर पास वाटतं. स्कॅन कुठेच उघड्यावर नाही. कोणी मागितला तर जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक झाकून त्या एकालाच पाठवते, आणि मागितल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकते.

ज्युनिअर मुली विचारतात तेव्हा मी त्यांना त्यांच्या अर्जाचं पहिलं वाक्य वाचून दाखवायला सांगते. बहुतेकींचं परीक्षेनंच सुरू होतं. परवा एकीनं विचारलं, “ताई, मग एन-थ्री लावू की नको?” ती एका दंतवैद्याकडे चार वर्षं कामाला होती. मी म्हटलं, आधी जपानी दातांच्या साहित्याचं एक माहितीपत्रक भाषांतरित करून आण, मग बघू. अजून आणलेलं नाही.

माझ्या डोक्यात आता ती अमेरिकन असोसिएशनची परीक्षा घोळते आहे, जपानीतून इंग्रजीची. मी जे विकते तेच तपासणारी ती निदान आहे. पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना तिची तीन अक्षरं कळतील हे मोजायला बसले तेव्हा वहीचं पान कोरंच राहिलं. कोसेकीवाल्या बाईंना कळली असती. फी अजून भरलेली नाही.